एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी ब्रोकरने स्प्रेड कापला, तर पत्र कसं लिहायचं

सोमवार होता, मंगळवारी माझ्या शेअर ऑप्शनची एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपण्याचा दिवस. दुपारी २ वाजून २१ मिनिटांनी मी ठाणे स्टेशनच्या फलाटावर उभा राहून ब्रोकरच्या खात्यात यूपीआयने २५,००० रुपये टाकले. मार्जिन, म्हणजे पोझिशनसाठी ब्रोकरकडे ठेवायची हमीची रक्कम, कमी पडतंय, अडीचच्या आत भरा, असा एसएमएस आला होता. २ वाजून २४ मिनिटांनी अ‍ॅपमध्ये पैसे जमा दिसले. गाडी मुलुंड सोडेपर्यंत मी निश्चिंत होतो. २ वाजून ५० मिनिटांनी मोबाइलवर दोन सौदे झाल्याचे मेसेज आले. आरएमएसने, म्हणजे ब्रोकरच्या जोखीम सांभाळणाऱ्या विभागाने, माझ्या स्प्रेडचे दोन्ही लेग, म्हणजे एक घेतलेला आणि एक विकलेला ऑप्शन, कापून टाकले होते.

त्या रात्री मी रागाच्या भरात एक लांबलचक मेल लिहिला होता. नशिबाने पाठवला नाही. त्यात ‘अन्याय’, ‘मनमानी’, ‘मानसिक त्रास’ सगळं होतं. नव्हता तो फक्त ऑर्डर क्रमांक. पुढे जे पत्र पाठवलं ते दीड पानाचं होतं आणि त्यावरच मला पैसे परत मिळाले. ते पत्र कसं तयार झालं ते इथे क्रमाने सांगतो. शेअरचं नाव मुद्दाम देत नाही आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

आधी पोझिशन समजून घ्या

माझा साधा बुल कॉल स्प्रेड होता. एका शेअरचा १००० चा कॉल, म्हणजे तो शेअर १००० ला घेण्याचा हक्क, २८ रुपयांना घेतला आणि त्याच महिन्याचा १०४० चा कॉल १२ रुपयांना विकला. लॉट ६०० चा. खिशातून गेले १६ गुणिले ६००, म्हणजे ९,६०० रुपये. एक्स्पायरीला शेअर १०४० च्या वर बंद झाला तर स्प्रेडची किंमत पूर्ण ४० रुपये, म्हणजे २४,००० रुपये होणार होती. सोमवारी दुपारी शेअर १०७५ वर होता.

शेअरवरचे ऑप्शन प्रत्यक्ष डिलिव्हरीने सेटल होतात. इन द मनी असलेला, म्हणजे शेअरचा भाव ज्याच्या ठरलेल्या भावाच्या वर आहे असा कॉल आपोआप एक्सरसाइज होतो आणि शेअर घ्यावे लागतात. पण माझ्या स्प्रेडमध्ये दोन्ही लेग इन द मनी राहिले असते, तर एका बाजूने १००० ला ६०० शेअर घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूने तेच ६०० शेअर १०४० ला द्यायचे. एकाच शेअरच्या, एकाच एक्स्पायरीच्या या दोन जबाबदाऱ्या एकमेकींत वळत्या होतात. शेअर एकही हलत नाही, मधले ४० रुपये तेवढे उरतात.

खरी अडचण मधल्या पट्ट्यात असते. शेअर १००० आणि १०४० च्या मध्ये बंद झाला, तर माझा कॉल एक्सरसाइज होतो, विकलेला कॉल शून्य होतो आणि मला ६ लाख रुपये देऊन ६०० शेअर उचलावे लागतात. १०७५ वरून १०४० म्हणजे सुमारे सव्वातीन टक्के. एका दिवसात एवढं पडणं अशक्य नाही. ब्रोकर घाबरतो ते यालाच, आणि त्याची ही भीती खोटी नाही. पत्र लिहिणाऱ्याने हे मनाशी मान्य केलेलं असलं की पत्र आपोआप भक्कम होतं. कारण मग आपण ‘जोखीमच नव्हती’ असा सहज खोडता येणारा दावा करत नाही.

याच भीतीपोटी, घेतलेल्या इन द मनी ऑप्शनवर एक्स्पायरीच्या चार दिवस आधीपासून डिलिव्हरी मार्जिन लागू लागतं. कॅश बाजारात त्या शेअरला जे मार्जिन लागतं, त्याच्या १० टक्क्यांपासून सुरुवात होते. मग २५, ४५ आणि आदल्या दिवशी ७० टक्के. ब्रोकर त्याच्या पॉलिसीनुसार यापेक्षा जास्तही मागू शकतो. माझ्या बाबतीत ब्रोकरच्या हिशेबाने पूर्ण रक्कम १,२०,००० होती. तिचे ७० टक्के म्हणजे ८४,०००. खात्यात मोकळे ६१,००० होते. कमी पडत होते २३,००० आणि मी भरले २५,०००.

इथे बहुतेक लोक एक चूक करतात. ‘शेवटी जबाबदारी शून्यच होणार होती, मग मार्जिन मागितलंच कसं?’ असं पत्रात लिहितात. सेटलमेंटच्या दिवशीची वजावट आणि त्याआधी घेतलं जाणारं मार्जिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या मुद्द्यावर ब्रोकर एका ओळीत तुमचं पत्र फेटाळू शकतो. भांडण मार्जिन मागण्यावर नको. मागितलेलं मार्जिन भरल्यावरही पोझिशन का कापली आणि ज्या पद्धतीने कापली ती बरोबर होती का, एवढ्यावरच ठेवा.

त्याच संध्याकाळी काय गोळा करायचं

हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. ऑप्शनची एक्स्पायरी झाली की त्या कॉन्ट्रॅक्टचा मिनिटामिनिटाचा चार्ट बऱ्याच अ‍ॅपवरून गायब होतो. मंगळवारी साडेतीननंतर तुम्ही १००० चा कॉल शोधायला गेलात, तर तो सापडेलच असं नाही. म्हणून सर्वांत आधी तीन चार्टचे स्क्रीनशॉट घ्या: दोन्ही ऑप्शनचा एक मिनिटाचा चार्ट आणि खुद्द शेअरचा त्याच वेळचा चार्ट. कापाकापीच्या आधीची आणि नंतरची दहा-दहा मिनिटं त्यात दिसली पाहिजेत.

मग ऑर्डर बुक उघडा. प्रत्येक ऑर्डरच्या तपशिलात ती कोणी टाकली याची नोंद असते. तुमची असेल तर तुमचा आयडी, आरएमएसची असेल तर तसा शेरा. त्याचा फोटो घ्या. ऑर्डर मार्केट होती की लिमिट, लिमिट असेल तर किती, किती तुकड्यांत भरली गेली, तेही टिपून घ्या.

कॉन्ट्रॅक्ट नोट चोवीस तासांत मेलवर येते. तिच्यात ऑर्डर क्रमांक, ट्रेड क्रमांक आणि वेळ सेकंदापर्यंत छापलेली असते. सगळ्या पत्राचा पाया हाच कागद. तिच्यावरच कंपनीच्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याचा तपशीलही असतो, पत्र कोणाच्या नावे पाठवायचं ते तिथून घ्या. सोबत त्या दिवसाचं मार्जिन स्टेटमेंट, लेजर आणि यूपीआयची पावती. लेजरमध्ये फक्त तारीख असते, वेळ नसते. म्हणून वेळ दाखवणारी यूपीआयची पावती आणि अ‍ॅपमधला ‘फंड जमा’ असा मेसेज वेगळा जपा. माझ्या बाबतीत सगळा दावा २ वाजून २४ मिनिटांच्या त्या एका मेसेजवर उभा होता.

एनएसईच्या संकेतस्थळावर ट्रेड व्हेरिफिकेशनची सोय आहे. तिथे सौदा एक्सचेंजकडे नोंदलेला आहे का ते पाहता येतं, पण ही सोय सौद्यानंतर मोजकेच दिवस उपलब्ध असते. त्याच आठवड्यात पाहून घ्या.

कस्टमर केअरला फोन करायला हरकत नाही. पण त्यातून फक्त तक्रार क्रमांक आणि वेळ मिळवायची. फोनवर वाद घालून काही हाती लागत नाही, आणि रागात निघालेलं एखादं वाक्य रेकॉर्ड होऊन तुमच्याच विरुद्ध येतं.

पॉलिसी वाचा, आणि त्या दिवशी लागू असलेलीच वाचा

खातं उघडताना आपण ज्या गठ्ठ्यावर सही करतो त्यात ‘पॉलिसीज अँड प्रोसिजर्स’ नावाचा भाग असतो. सेबीच्या २००९ च्या परिपत्रकानुसार तो प्रत्येक ब्रोकरला द्यावाच लागतो. त्यात ग्राहकाला सूचना न देता पोझिशन बंद करण्याचा ब्रोकरचा अधिकार लिहिलेला असतो. ‘मला न विचारता कापलं’ हा मुद्दा म्हणून चालत नाही. मार्जिन थकलं तर न विचारता कापायचा अधिकार त्याला आहे, आणि त्यातून झालेलं नुकसान ग्राहकाने सोसायचं असंही त्याच कागदपत्रांत असतं.

पण त्याच परिपत्रकात या अधिकाराला मर्यादाही घातलेली आहे. सेटलमेंटच्या किंवा मार्जिनच्या जबाबदारीइतकाच हा अधिकार वापरता येतो. तुमच्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य हेच. यातून दोन प्रश्न निघतात. कापण्याच्या क्षणी मार्जिन खरोखर कमी होतं का? आणि ज्या क्रमाने कापलं त्याने मार्जिनची गरज घटली की वाढली?

दुसरा प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता. कॉन्ट्रॅक्ट नोट समोर ठेवून वेळा लिहायला घेतल्या तेव्हा दिसलं. आरएमएसने आधी माझा घेतलेला कॉल विकला, २ वाजून ४७ मिनिटांनी. विकलेला कॉल परत घेतला तो २ वाजून ५० मिनिटांनी. म्हणजे मधली तीन मिनिटं माझ्या खात्यात नुसता उघडा शॉर्ट कॉल होता. त्याला लागणारं मार्जिन सव्वा लाखाच्या घरात. मार्जिन कमी पडतंय म्हणून सुरू केलेल्या कारवाईनेच मार्जिनची गरज वाढवली. स्प्रेड मोडायचाच तर विकलेला लेग आधी परत घ्यायचा, किंवा दोन्ही ऑर्डर एकाच वेळी टाकायच्या, हे कोणताही ट्रेडर सांगेल.

ब्रोकरच्या संकेतस्थळावर शेअर ऑप्शनच्या डिलिव्हरीची पॉलिसी वेगळ्या पानावर असते आणि ती बदलत राहते. सोमवारी जी होती तिची प्रत पीडीएफ करून ठेवा. माझ्या ब्रोकरच्या पानावर ‘मुदतीत मार्जिन न भरल्यास’ असे स्पष्ट शब्द होते. मुदत अडीचची, ती त्यांच्याच एसएमएसमध्ये होती.

नुकसान कसं मोजायचं

इथे घाई करू नका. आकडा फुगवलात तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास जातो.

माझा घेतलेला कॉल ६८.५० ला विकला गेला. त्या मिनिटाला शेअर १०७५ होता, म्हणजे कॉलची अंगभूत किंमत ७५. साडेसहा रुपये कमी मिळाले, कारण इतक्या आत गेलेल्या शेअर ऑप्शनमध्ये घेणारे विरळ असतात आणि बिड खूप खाली असतो. पुढच्या तीन मिनिटांत शेअर १०७५ वरून १०८१ वर गेला. विकलेला कॉल परत घेतला ४३.५० ला, तेव्हा त्याची अंगभूत किंमत ४१ होती. अडीच रुपये जास्त गेले.

हाती आले ६८.५० वजा ४३.५०, म्हणजे २५ रुपये. ४० ऐवजी २५. फरक १५ रुपये, ६०० च्या लॉटवर ९,०००. या ९,००० ची फोड अशी होते: पहिल्या लेगच्या पडत्या भावात ३,९००, मधल्या तीन मिनिटांत शेअर ६ रुपये वर गेला त्यात ३,६००, दुसऱ्या लेगच्या चढ्या भावात १,५००.

ही फोड पत्रात द्यायचीच. तिन्ही रकमा सारख्या वजनाच्या नाहीत. मी स्वतः स्प्रेड बंद केला असता तरी बिड आणि आस्कमधल्या फरकात काही पैसे गेलेच असते, त्यामुळे ३,९०० आणि १,५०० वर वाद होऊ शकतो. ३,६०० मात्र पूर्णपणे ऑर्डरच्या क्रमामुळे गेले. पोझिशन कापणं योग्य होतं असं जरी धरलं, तरी ही रक्कम ब्रोकरच्या पद्धतीमुळेच गेलेली राहते. म्हणून दावा दोन पातळ्यांवर मांडायचा: मुख्य दावा ९,००० चा आणि तो मान्य नसेल तर निदान ३,६०० चा.

आणखी एक गोष्ट. मी ९,६०० लावले होते आणि १५,००० परत आले. म्हणजे सौदा फायद्यातच बंद झाला. ब्रोकरचं पहिलं उत्तर हेच येतं की तुम्हाला तर नफा झाला आहे. नुकसान गुंतवलेल्या पैशापासून मोजायचं नाही. चुकीची कृती झाली नसती तर काय मिळालं असतं, तिथपासून मोजायचं. हे पत्रात एका वाक्यात आधीच लिहून टाका.

मंगळवारी शेअर १०६८ ला बंद झाला, स्प्रेडला पूर्ण ४० मिळाले असते. हे लिहा, पण त्यावर सगळी इमारत उभी करू नका. सोमवारी दुपारी हे ना तुम्हाला माहीत होतं, ना ब्रोकरला. तुमचा दावा सोमवारी २ वाजून ४७ मिनिटांना काय परिस्थिती होती यावर उभा राहिला पाहिजे. मंगळवारच्या भावाने फक्त रक्कम ठरते.

पत्र

तक्रारीसाठी ब्रोकरचा वेगळा मेल पत्ता संकेतस्थळावर दिलेला असतो, त्यावर पाठवा. मी तेच पत्र छापून, सही करून ठाण्याहून स्पीड पोस्टनेही पाठवलं, पोहोचल्याच्या पुराव्यासह. मेल मिळालाच नाही असं कोणी म्हणू नये, एवढ्यासाठीच. पत्र असं होतं:

> प्रति,
> कम्प्लायन्स अधिकारी / तक्रार निवारण विभाग
> [ब्रोकरचे नाव व नोंदणीकृत पत्ता]
>
> विषय: ग्राहक क्रमांक [ ], दि. [ ] रोजी आरएमएसने बंद केलेल्या कॉल स्प्रेडबाबत तक्रार व रु. ९,००० ची मागणी
>
> महोदय,
>
> १. माझ्या खात्यात [शेअर] या शेअरच्या [महिना] एक्स्पायरीचा १००० चा एक कॉल खरेदी केलेला आणि १०४० चा एक कॉल विकलेला होता. लॉट ६००.
>
> २. दि. [ ] रोजी दुपारी १:१२ वाजता आपला एसएमएस आला. त्यात रु. २३,००० चे मार्जिन २:३० पर्यंत भरण्यास सांगितले होते. (सोबत १)
>
> ३. मी २:२१ वाजता यूपीआयने रु. २५,००० भरले. ते २:२४ वाजता खात्यात जमा झाल्याचा आपला संदेश सोबत जोडला आहे. (सोबत २ व ३) त्यानंतर मोकळी शिल्लक रु. ८६,००० होती आणि मागितलेले मार्जिन रु. ८४,००० होते.
>
> ४. तरीही २:४७:०८ वाजता ऑर्डर क्र. [ ] अन्वये १००० चा कॉल रु. ६८.५० ला विकण्यात आला आणि २:५०:१६ वाजता ऑर्डर क्र. [ ] अन्वये १०४० चा कॉल रु. ४३.५० ला परत घेण्यात आला. दोन्ही ऑर्डर मी दिलेल्या नाहीत, त्या आरएमएसच्या असल्याचे ऑर्डर बुकमध्ये दिसते. (सोबत ४ व ५)
>
> ५. मार्जिन मागण्याच्या आपल्या अधिकाराबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार दोन बाबींबद्दल आहे.
>
> (अ) २:४७ वाजता कोणतेही मार्जिन थकलेले नव्हते. पोझिशन बंद करण्याचा अधिकार मार्जिनच्या जबाबदारीइतकाच मर्यादित आहे. आपल्या पॉलिसीतही ‘मुदतीत मार्जिन न भरल्यास’ अशी अट आहे. (सोबत ६)
>
> (आ) खरेदी केलेला कॉल आधी विकल्याने तीन मिनिटे माझ्या खात्यात संरक्षण नसलेला शॉर्ट कॉल राहिला. त्यामुळे मार्जिनची गरज कमी न होता वाढली. या तीन मिनिटांत शेअर रु. १०७५ वरून रु. १०८१ वर गेला. (सोबत ७)
>
> ६. स्प्रेडचे प्रतिशेअर रु. ४० ऐवजी रु. २५ मिळाले. नुकसान रु. ९,००० असून त्याची फोड अशी: पहिल्या लेगच्या भावातील फरक रु. ३,९००, दोन लेगमधील वेळेमुळे रु. ३,६००, दुसऱ्या लेगच्या भावातील फरक रु. १,५००. एक्स्पायरीच्या दिवशी शेअर रु. १०६८ ला बंद झाला. सेटलमेंटला जे शुल्क लागले असते ते यातून वजा करण्यास माझी हरकत नाही. सौदा खरेदी किमतीपेक्षा वर बंद झाला असला तरी वरील फरक हे माझे नुकसानच आहे.
>
> ७. मुद्दा (अ) आपणास मान्य नसला तरी मुद्दा (आ) मुळे झालेले रु. ३,६०० चे नुकसान स्वतंत्रपणे देय आहे. आरएमएस स्क्वेअर ऑफचे म्हणून आकारलेले रु. ११८ देखील परत करावेत.
>
> ८. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी: २:४७ वाजता माझ्या खात्यातील मार्जिनचा लेगनिहाय हिशेब, माझे रु. २५,००० आरएमएस प्रणालीत कोणत्या वेळी धरले गेले. दोन्ही ऑर्डरचा प्रकार व लिमिट भाव. आणि ऑर्डरचा क्रम कोणत्या नियमाने ठरला.
>
> ९. या पत्राचे उत्तर १५ दिवसांत अपेक्षित आहे.
>
> आपला,
> [नाव, सही, ग्राहक क्रमांक, पत्ता, ठाणे]

यातला आठवा परिच्छेद सोडू नका. खरी गोष्ट तिथूनच बाहेर येते. माझ्या बाबतीत उत्तरातून कळलं की पैसे लेजरला २:२४ ला आले, पण आरएमएसची यादी २:१५ ला काढलेली होती आणि ती कापण्यापूर्वी पुन्हा तपासलीच गेली नाही. हे मला स्वतःहून कधीच कळलं नसतं.

सोबत जोडलेल्या कागदांवर क्रमांक घाला आणि पत्रातही तेच क्रमांक द्या. वाचणाऱ्याला सात फाइली उघडून शोधाशोध करावी लागली, तर तो तयार मसुद्यातलं उत्तर पाठवून मोकळा होतो.

हे पत्र कधी चालणार नाही

मार्जिन मुदतीनंतर भरलं असेल तर मुद्दा (अ) काढून टाका, फक्त (आ) ठेवा. दोन्ही लेग एकाच वेळी, वाजवी भावाला बंद झाले असतील तर तुमच्याकडे फारसं काही उरत नाही.

निफ्टीवरचा स्प्रेड असेल तर चित्र वेगळं आहे. इंडेक्स ऑप्शन रोखीने सेटल होतात, तिथे शेअर उचलण्याचा प्रश्नच नसतो. पण कॅलेंडर स्प्रेड असेल, म्हणजे एक लेग आज संपणारा आणि दुसरा पुढचा, तर १ फेब्रुवारी २०२५ पासून एक्स्पायरीच्या दिवशी त्या संपणाऱ्या लेगला स्प्रेडची मार्जिन सवलत मिळत नाही. सेबीच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने ती काढली. शिवाय विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर त्या दिवशी २ टक्के जादा मार्जिनही लागतं. सकाळी अचानक मार्जिन वाढलं म्हणून ब्रोकरला दोष देणारं पत्र अशा वेळी टिकत नाही. एकाच एक्स्पायरीचा स्प्रेड असेल तर मात्र ऑर्डरच्या क्रमाचा मुद्दा तिथेही तसाच लागू होतो.

उत्तर आल्यावर

माझं पहिलं उत्तर तीन ओळींचं होतं: पॉलिसीनुसार कारवाई, नुकसान ग्राहकाने सोसायचं, तक्रार बंद. अशा उत्तराला नवं पत्र लिहून वाद वाढवायचा नाही. जुन्याच पत्राचा संदर्भ देऊन एवढंच लिहायचं की परिच्छेद ३, ५ आणि ८ ला उत्तर मिळालेलं नाही. मी एवढंच केलं. दुसऱ्या उत्तरात त्यांनी यादीच्या वेळेचा खुलासा केला आणि ३,६०० व ११८ रुपये देऊ केले. अट होती ‘पूर्ण आणि अंतिम’ म्हणून सही करायची.

सही करण्याआधी थांबा. त्या दोन शब्दांनंतर उरलेल्या रकमेवर बोलता येत नाही. मी कळवलं की देऊ केलेली रक्कम अंशतः म्हणून घ्यायला तयार आहे, बाकीचा दावा कायम राहील. त्यांनी ते मानलं नाही.

मग पुढचे दोन रस्ते असतात. सेबीचं स्कोअर्स, scores.sebi.gov.in, इथे घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार करता येते आणि ब्रोकरला २१ दिवसांत त्यावर केलेली कार्यवाही कळवावी लागते. ते पटलं नाही तर १५ दिवसांत पुनर्विचार मागता येतो. दुसरा रस्ता स्मार्ट ओडीआर, smartodr.in. इथे आधी समेट करणारा तटस्थ माणूस नेमला जातो, त्याच्याकडे साधारण २१ दिवस असतात आणि या टप्प्याचं शुल्क गुंतवणूकदाराला पडत नाही. समेट झाला नाही तर लवाद, आणि तिथे जायचं तर शुल्क भरावं लागतं. दावा १ लाखापर्यंतचा असेल तर लवाद फक्त कागदपत्रांवर चालतो. मग तुमचं मूळ पत्र आणि त्याच्या सोबतचे सात कागद हेच तुमचे साक्षीदार. स्कोअर्सवरची तक्रार चालू असताना स्मार्ट ओडीआरकडे गेलात तर ती तक्रार निकाली काढलेली धरली जाते, हे लक्षात ठेवा. दोन्ही दरवाजे आधी ब्रोकरला लिहिलं होतं का, हे विचारतातच.

मी स्मार्ट ओडीआरला गेलो. रक्कम वादाची होती, नियमभंगाची चौकशी मला नको होती, म्हणून तोच रस्ता जवळचा वाटला. समेटाची बैठक ऑनलाइन झाली, मी वर्तकनगरच्या घरूनच बसलो. तटस्थ माणसाने ब्रोकरच्या प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारला: यादी २:१५ ची आणि कारवाई २:४७ ची, मधल्या बत्तीस मिनिटांत खातं पुन्हा का पाहिलं नाही? त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही लेगच्या बिड-आस्कमधला काही भाग मी सोडला आणि ७,२०० वर आम्ही थांबलो.

समेटाच्या कागदावर तीन गोष्टी पाहून मगच सही करा: रक्कम, ती किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात येणार, आणि कोणत्या ऑर्डर क्रमांकांबद्दलचा वाद यात मिटतो आहे. खात्याबद्दलच्या ‘सर्व तक्रारी’ असे शब्द असतील तर ते खोडून त्या दोनच ऑर्डरचे क्रमांक घालायला सांगा. पैसे लेजरमध्ये आले की त्या नोंदीची प्रत काढून सीएला द्या. ही रक्कम कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये नसते, त्यामुळे वर्षअखेरच्या नफा-तोट्याच्या स्टेटमेंटमध्ये ती दिसत नाही.